कोसमटोल्याची चौथी फेरी

नीलिमा कुळमेथे खाजगी बसवर कंडक्टर झाली तेव्हा तिचं वय एकेचाळीस होतं. नवरा वारलेला, मुलगी करिश्मा नागपूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पळसगड मोटर सर्व्हिसचा बांधलेला पगार महिन्याला साडेदहा हजार. तेवढ्यात घरभाडं आणि किराणा भागायचा, वसतिगृह भागायचं नाही. म्हणून तिनं ब्रेक ड्युटी मागून घेतली.

ब्रेक ड्युटी म्हणजे दिवसाचे दोन तुकडे. सकाळी सहा ते दहा दोन फेऱ्या, दुपारी दोन ते सहा दोन फेऱ्या, मधले चार तास रिकामे. घरी जाऊन यावं तर भाडं लागतं, म्हणून ती ब्रह्मपुरीच्या स्टँडमागे कंपनीच्या खोलीत पाठ टेकायची. या मोडलेल्या दिवसाचे शंभर रुपये वेगळे मिळत. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक फेरीचे चाळीस. अर्धवट फेरीला भत्ता नाही. दिवसाचे दोनशे साठ, सव्वीस दिवसांचे सहा हजार सातशे साठ. करिश्माचं शिक्षण त्यावर चाललं होतं.

दिवसाची पहिली आणि चौथी फेरी कोसमटोल्याची होती. डांबरी रस्ता फाट्यावर संपतो आणि पुढं चार किलोमीटर सागाचं जंगल. पावसाळ्यात तो तुकडा उखडला आणि जाऊन येऊन वीस मिनिटं जास्त लागू लागली. चौथी फेरी पूर्ण केली की गाडी सहा वीसला आत यायची. सकाळी सहाला लागलेल्या माणसाचे, मधले रिकामे तास धरून, कायद्याचे बारा तास संध्याकाळी सहालाच भरतात. पुढच्या वीस मिनिटांचे दुप्पट पैसे द्यावे लागले असते, आणि कामगार अधिकाऱ्यानं कागद पाहिला असता तर नोटीसही आली असती.

सुपरवायझर अजय हे तोंडानं कधी म्हणाला नाही. दिवाळीनंतर एकदा फेऱ्यांच्या वेळांची शीट हातात घेऊन एवढंच म्हणाला, "नीलिमाबाई, शीटवर सहाच्या पुढचं काही दिसू नये. आन् फेरी तं पुरी दिसली पाहिजे. तुमचा भत्ता मले कापायचा नाई."

ड्रायव्हर वारलूभाऊंना तेवढं पुरलं. पुढच्या आठवड्यापासून चौथ्या फेरीला गाडीत कोसमटोल्याचं कुणी नसलं की ते फाट्यावरूनच वळवू लागले. नीलिमा तिकीट मशीनवर शेवटचा टप्पा दाबायची आणि शीटवर लिहायची, कोसमटोला पाच दहा.

"गावात कोणी चढणारं असलं तं, भाऊ?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"सकाळी आपल्या गाडीतून कोणी उतरलं का तिथी? नाई ना. मंग संध्याकाळी कोण चढते? भूत?"

हिशेब खरा वाटत होता. कोसमटोल्याचे लोक सकाळी ब्रह्मपुरीला येत आणि संध्याकाळी गावी परतत. तिथून संध्याकाळी बाहेर निघणारी एकच होती, आरोग्य उपकेंद्राची नर्स रंजीता. मंगळवारी आणि गुरुवारी ती सकाळच्या गाडीनं जायची. त्या दोन दिवशी वारलूभाऊ न बोलता गावापर्यंत गाडी नेत.

डिसेंबरात फाट्यावर वनखात्याचा नवा फलक लागला. गवत कापायला गेलेला एक माणूस त्या रस्त्यावर मिळाला होता. अर्धाच. फलकावर वाघाचं चित्र होतं आणि खाली, सायंकाळी चारनंतर पायी जाऊ नये. त्या दिवसापासून फाट्यावर गाडी वळताना नीलिमा मागच्या काचेतून पाहायची. झाडांमध्ये रस्ता आत गेलेला दिसायचा, आणि मग दिसायचा नाही.

सतरा डिसेंबर, बुधवार. सकाळी कोसमटोल्याला कुणी उतरलं नाही. शेवटचे प्रवासी फाट्याच्या अलीकडेच उतरले. बरोबर पाचला वारलूभाऊंनी गाडी वळवली. नीलिमाला वाटलं, कुठंतरी कुणी ओरडलं.

"भाऊ, ऐकलं का काही?"

"वानर असन."

तिनं डबल बेल दिली.

सहाला गाडी आत आली. नीलिमा अजयच्या टेबलापाशी शीट देत असताना एक माणूस आत आला. तो विनोद, रंजीताचा नवरा, पंचायत समितीत शिपाई.

"बाई, रंजीता कुठी हाय?"

"रंजीता? आज तं बुधवार हाय."

"सकाळी दवाखान्याच्या जीपनं गेली ना. बाळंतपणाची केस होती. जीप पेशंटले घेऊन गडचिरोलीले गेली, हिले जागा नाई भेटली. दुपारी गावातल्या टेकडीवरून फोन केला, संध्याकाळच्या गाडीनं येतो म्हणे."

अजयनं शीटवर बोट ठेवलं. "गाडी गेली होती, भाऊ. हे पाहा, पाच दहा. तुमच्या बाई थांब्यावर नव्हत्या. गावातच राह्यल्या असतीन."

विनोदनं श्वास सोडला. "तसंच असन. गावात असली तं मंग काही फिकर नाई. तिथी रेंज नाई येत. मी जातो, पोरगा एकटा हाय घरी." तो हसलाही आणि दाराकडे वळला.

नीलिमा त्या हसण्याकडे पाहत राहिली. वारलूभाऊ चपलेकडे पाहत होते. शीटवर तिच्याच अक्षरात पाच दहा लिहिलेलं होतं आणि त्या आकड्यावर विसंबून एक माणूस घरी निघाला होता.

"विनोदभाऊ, थांबा." तिनं शीट उचलली आणि चौथ्या फेरीवर रेघ मारली. "गाडी गावात गेली नाई. आम्ही फाट्यावरून वळलो. दिवाळीपासून असंच करून राह्यलो."

अजय उठला. "बाई, काय बोलून राह्यल्या, समजते का तुमाले? दीड महिन्याचा भत्ता वसूल होईन."

"होऊ द्या. वारलूभाऊ, चाबी?"

वारलूभाऊ आधीच गाडीकडे चालले होते.

विनोदनं निघता निघता वनरक्षकाला फोन लावला, पण तो जंगलाच्या दुसऱ्या बीटात, लांब गस्तीवर होता. फाटा यायला सात वाजले. वारलूभाऊंनी हॉर्न दाबून धरला आणि गाडी जंगलात घातली. विनोद दारात उभा होता. एक किलोमीटरवर नाल्याचा पूल लागतो. उजेडात आधी रस्त्यावर पडलेली लस ठेवायची निळी पेटी दिसली, झाकण उघडं. मग पुलाच्या कठड्यावर उभी रंजीता. पेटीचा पट्टा अजून तिच्या मुठीत होता, तुटलेला. ती उतरेना. विनोदनं तिला उचलून गाडीत आणलं.

ती नीलिमाकडे न पाहता बोलू लागली.

"गावातले म्हणे, तुमची गाडी आजकाल आत येत नाई, म्हणून फाट्यावर गाठाले मी चारलाच निघाली होती. इथी आली तं तो पुढी रस्त्यावर बसून. मंग गाडी आली फाट्यावर. मी ओरडली. वळल्याचा आवाज आला मले, नीलिमाबाई. पुरा ऐकू आला."

पुढच्या पगारात दीड महिन्यातल्या खोट्या फेऱ्यांचा भत्ता कापला गेला. त्याची तक्रार नीलिमानं केली नाही. जानेवारीपासून तिला सरळ ड्युटी मिळाली, सकाळी सहा ते दुपारी दोन, गोंडपिपरीची एकच लांब फेरी. मोडलेला दिवस नाही, म्हणून शंभर नाहीत, आणि चार फेऱ्यांच्या जागी एकीचे चाळीस. करिश्मा सुट्टीच्या दिवशी एका दवाखान्यात काम करू लागली.

कोसमटोल्याची ब्रेक ड्युटी आदेश नावाच्या नव्या कंडक्टरला दिली. लग्न ठरलेला, हौशी मुलगा.

फेब्रुवारीत एका गुरुवारी आगाऊ रक्कम मागायला नीलिमा संध्याकाळी ऑफिसात गेली. अजय जागेवर नव्हता. टेबलावर आदेशची शीट होती. चौथी फेरी, कोसमटोला पाच दहा. गाडी आत, सहा शून्य शून्य.

रस्ता अजून दुरुस्त झालेला नव्हता.

आदेश बाहेर हात धूत होता. ती त्याच्याजवळ गेली.

"आदेश, आज रंजीताबाई आल्या का गाडीनं?"

"नाई बाई," तो हात झटकत म्हणाला. "सकाळी पण आपल्या गाडीतून कोणी उतरलं नाई ना तिथी."

तिनं स्टँडवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा बारा. गुरुवारी रंजीता गाडीनं गेली नसेल तर जीपनं गेली असेल. मग ती गाडीसाठी वारलूभाऊंना शोधायला पळाली.