मामंजी आले की उठायचं

आमच्या बीडकडच्या घरी सासरे दारात आले की सुनेनं उठून उभं राहायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या मोठ्या जावेला बघून मी शिकले. आणि तिला शेवटचं उठवलं तेही मीच.

तिला चार दिवस जुलाब होत होते. पाणी प्यालं की जुलाब वाढतात, या समजुतीनं आम्ही तिला घोट-घोटच पाणी देत होतो. पाचव्या दिवशी जुलाब थांबले. दुपारी ती बाजेवर पडली होती. सकाळीच मला म्हणाली होती, "उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येती गं, कानात घूं घूं होतंय." मी म्हटलं, "अशक्तपणा हाय अक्का, जाईल." तेवढ्यात बाहेर मामंजींच्या वहाणा वाजल्या आणि मी हाक मारली, "अक्का, मामंजी आले!" ती ताडकन उठली, पदर सावरला आणि दोन पावलांवर कोसळली. डोकं जात्याच्या दगडावर आपटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

त्याला बारा वर्षं झाली. त्या वहाणांचा आवाज माझ्या कानातून काही जात नाही.

गेल्या महिन्यात मलाच जुलाब-उलट्यांनी धरलं. ते थांबल्यावर आरोग्य उपकेंद्राची सिस्टर घरी आली. आधी आडवं असताना, मग उभं करून बीपी मोजलं. उभं राहिल्यावर ते बरंच खाली आलं.

"अंगातलं पाणी कमी झालंय, बाई. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं, डोक्याला कमी पडतं. एक पुडी ओआरएस, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, दिवसभर थोडंथोडं प्या. उठताना आधी कुशीवर वळा. मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, पंजे हलवा, मग धरून उभ्या राहा. अंधारी आली, कानात आवाज आला, घाम सुटला, तर असाल तिथं खाली बसा नाहीतर आडव्या व्हा. लघवी कमी झाली, छातीत दुखलं, शौचाला काळं झालं किंवा शुद्ध हरपली, तर थेट दवाखाना."

मी ऐकत होते. अंधारी. कानात आवाज. अक्कानं दोन्ही सांगितलं होतं मला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टरला वाटलं, मी घाबरले.

ती गेली आणि दारात वहाणा वाजल्या. मांड्या आपोआप ताठ झाल्या. पाय खाली सोडले आणि दोन्ही हातांनी बाज घट्ट धरून बसले. त्या घरात मामंजींसमोर मी पहिल्यांदाच बसले होते.

ते थबकले. आता पाठीत वाकलेत. "उठू नगंस माय," म्हणाले. मग थांबून, "तिला बी असंच म्हणाया पायजे हुतं."

"मामंजी," मी म्हटलं, "तिला मी उठवलं हुतं. मीच हाक मारली."

बारा वर्षांत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मामंजींनी पायातल्या वहाणा काढल्या.

"मला ऐकू आली हुती हाक," ते म्हणाले.

आणि ते उंबऱ्यावरच खाली बसले.