दादरचा बूटकॅम्प आणि माझी परीक्षा

बी.एस्सी. होऊन मी लालबागच्या चाळीत बेकार बसले होते, तेव्हा बाबांना दादरच्या एका कोडिंग क्लासची जाहिरात सापडली. बूटकॅम्प म्हणे. सहा महिन्यांत इंजिनीयर, नोकरीची हमी.

आम्ही दोघं तिथे गेलो. काऊन्सेलर नावाचा जो तरुण होता, त्याला कोडिंग येत नव्हतं. कर्जाचे हप्ते मात्र तोंडपाठ होते. फी एकदम भरायची नव्हती, एक फायनान्स कंपनी बाबांच्या नावावर कर्ज देणार होती. सीट्स म्हणे आजच संपणार होत्या. मी करार वाचायला मागितला, तर त्याचा चेहरा उतरला. नोकरीची हमी आत "मदत" झाली होती, एक मुलाखत नाकारली की तीही संपत होती, आणि क्लास सोडला तरी हप्ते सुटत नव्हते. बाबा खिशातलं पेन चाचपत होते. मी त्यांना उठवून बाहेर आणलं.

कॉलेजातली एक सीनियर परळच्या आयटी ऑफिसात होती, नवी माणसं घेताना तीही मुलाखतीला बसायची. तिला विचारलं.

"शिकवणारे तेच, परीक्षा घेणारे तेच, पास करणारेही तेच," ती म्हणाली. "असला कागद आम्ही कशाला बघू? ज्यांच्या सर्व्हरवर वेबसाइट चालतात, त्या क्लाऊड कंपनीची स्वतःची परीक्षा दे. फी त्यांच्या हप्त्याएवढीही नाही, अभ्यासाचं साहित्य फुकट आहे. पण त्यानेच नोकरी लागेल असं समजू नकोस. काहीतरी बनवून दाखव."

ही परीक्षा घरूनही देता येते, फक्त खोलीत दुसरं कुणी नको, कॅमेऱ्यापुढे कुणी फिरकलं तर परीक्षा रद्द. आमच्या एका खोलीत पाच माणसं. नियम लिहिणाऱ्याने चाळ बघितली नसावी. मी भायखळ्याच्या केंद्रात जाऊन दिली आणि पास झाले. या सर्टिफिकेटचाही रुबाब बघा, तीन वर्षांनी ते शिळं होतं, पुन्हा परीक्षा द्या.

एका कंपनीच्या मुलाखतीत त्या कागदाने दार उघडलं, इतकंच. पुढे त्यांनी माझी छोटी वेबसाइट बघितली, मुद्दाम बिघडवली आणि म्हणाले, दुरुस्त कर. मी केली. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या सपोर्टमध्ये नोकरी लागली, पगार बेताचा.

शेजारच्या खुर्चीवर त्याच दादरच्या क्लासचा एक मुलगा होता. तोही त्यांनी बिघडवलेली स्वतःची वेबसाइट दुरुस्त करूनच आला होता, पगार माझ्याएवढाच. जेवताना त्याने विचारलं, "तुझं कर्ज कधी फिटतंय?"

माझ्यावर कर्जच नाही म्हटल्यावर तो डबा बंद करून उठला.