आधी हात काढा

संगणक दुरुस्त करणाऱ्या ताई फोनवर आधी दरडावतात, "कीबोर्डवरून हात काढा!" लोकांना त्या तुसड्या वाटतात.

आज एक्स-रे केंद्रातून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. विंडोज पुन्हा टाकताना, मांडणी जीपीटी या नव्या प्रकारची आहे म्हणून डिस्क नाकारली जात होती.

"डिस्क धडधाकट आहे रे! तू पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू केलास, म्हणून तो जुनी एमबीआर मांडणी मागतोय. नव्या यूईएफआय पद्धतीने सुरू कर, हीच जीपीटी मुकाट्याने घेईल. सगळ्या पेशंटचे एक्स-रे तिच्यावरच आहेत. हात काढ आधी!"



"ताई, हात केव्हाच काढलाय. ती मांडणी पुसायला क्लीन कमांड दिली, तेव्हा कुठे डिस्क घेतली. फक्त आता ती रिकामी दिसतेय."