आप्पांनी लिहिलेली धमकी

माझ्या धाकट्या बहिणीची चार वर्षांची मुलगी तिच्या बापाने अंगणवाडीतून उचलून निपाणीला नेली. बहीण नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे वडगावला राहत होती. संध्याकाळी त्याचा फोन आला. माहेरच्या यंत्रमागाच्या शेडमधला तुझा हिस्सा माझ्या नावावर कर, मग पोरगी घेऊन जा, असं तो म्हणाला.

तक्रार आमच्या वडिलांनी लिहिली. आप्पा हायस्कुलातून निवृत्त झालेले. गल्लीतल्या कुणालाही अर्ज लागला की तो त्यांच्याकडे येई. मजकूर मुद्देसूद होता. शेवटी होतं : ‘हिस्सा न दिल्यास मुलीस जिवे मारीन, अशी धमकी दिली.’ बहिणीने वाचलं आणि सही केली. मी गुन्ह्यांच्या बातम्या लिहिणारा. हे वाक्य माझ्या हातून इतक्या वेळा छापून गेलं होतं की ते मला खटकलं नाही.

ठाण्यातले इन्स्पेक्टर कन्नड. त्यांना मराठी बोलता येई, पण वाचायला वेळ लागे. हवालदाराने तक्रार मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या ओळीला शेजारच्या बाकावरचे लोकही वळून बघू लागले. इन्स्पेक्टरांनी लगेच निपाणी ठाण्याला फोन लावला आणि जावयाच्या घरी माणूस पाठवायला सांगितला. मग ते आमच्याशी बोलू लागले.

अनोळखी माणसाने पोर नेलं असतं तर काही विचारलंच नसतं, ते म्हणाले. अठराच्या आतलं मूल पालकाच्या ताब्यातून नेलं की किडनॅपिंग. मूल खुशीने गेलं तरी. पण इथे बाप हाच कायद्याने पालक, आणि ताब्याचा कोर्टाचा हुकूम कुणाकडेच नाही. अ‍ॅबडक्शन म्हणावं तर जबरदस्ती किंवा फसवणूक दाखवावी लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही, नेण्यामागचा हेतू गुन्ह्याचा असावा लागतो. खंडणीचं कलम फाशी-जन्मठेपेचं. त्यात नुसती मागणी चालत नाही, जिवाची किंवा इजेची धमकी लागते.

“ती तुम्ही लिहिलीच आहे,” आप्पांकडे बघून ते म्हणाले.

आप्पा म्हणाले, “व्हय.”

तेवढ्यात निपाणीहून फोन आला. पोरगी आजीच्या मांडीवर बसून जेवत होती. धमकीचं विचारल्यावर जावयाने देवाची शपथ घेतली होती. इन्स्पेक्टरांनी फोन ठेवला आणि बहिणीला विचारलं, तिच्या मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड होतं का. ती म्हणाली, होतं.

“मग ऐकायच्या आधी तुम्हीच सांगा, आक्का. जिवाला धोका आहे म्हणालात तर कलम काही लागो, आज रात्री पोरगी इथे आणतो. नाही म्हणालात तर मला तिला हात लावता येणार नाही. धारवाडला उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस घाला. मुलाला हजर करा, असा हुकूम तिथून निघतो. पण दिवस जातील.”

बहिणीने आप्पांकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. पोरगी आईवाचून एक रात्रही राहिलेली नव्हती.

“न्हाय म्हटला तसं,” ती म्हणाली. “हिस्सा मागितला. मारीन न्हाय म्हटला.”

इन्स्पेक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आप्पांना, ‘मास्तर’ म्हणून, दुसरा कागद दिला. आप्पांनी तीच तक्रार शेवटच्या ओळीशिवाय पुन्हा उतरवली. अक्षर पहिल्यासारखंच सुंदर होतं.

धारवाडला घातलेल्या अर्जाच्या दुसऱ्या तारखेला निपाणी पोलिसांनी जावयाला मुलीसकट हजर केलं. पाच वर्षांखालचं मूल, म्हणून एरवी आईकडेच, असं सांगून न्यायाधीशांनी मुलगी तूर्त बहिणीच्या ताब्यात दिली. रविवारी बापाने भेटायचं. बाकीचं कौटुंबिक न्यायालयात. जावयाच्या वकिलाने आमची तक्रार वाचली होती. तिच्यात खोटं काही सापडलं नाही, आणि हिश्श्याच्या फोनचं रेकॉर्डिंग होतं, तिथे तो अडकला. धारवाडला येताना गाडीत बहीण मला म्हणाली होती, “अण्णा, ती ओळ ऱ्हायली असती तर?”

कोर्टाच्या फाटकाबाहेर जावई पोरीला कडेवर घेऊन उभा होता. ती आईकडे झेपावली नाही, बापाच्या गळ्याला बिलगून राहिली. बहिणीने हात पुढे केले आणि तसेच धरून ठेवले. हळूहळू त्याने पोरीचे हात सोडवले आणि तिला दिली. मग खिशातून तिचे छोटे सँडल काढले आणि आप्पांपुढे धरले.

“आप्पा,” तो म्हणाला, “मी हिला मारणार व्हतो व्हय?”

आप्पांनी सँडल घेतले. पोरगी बहिणीच्या कडेवर रडत होती, पाय झाडत होती. आप्पा वाकले आणि तिच्या पायात सँडल घालू लागले. पट्टा लागेना. तो लागला तरी ते बराच वेळ वाकलेलेच होते.