कालचं अंगण

गॅपशेठ हे नाव त्याला ब्रोकरच्या ऑफिसातल्या टवाळ मंडळींनी चिकटवलं. शेठपणाचा पत्ता नव्हता, पण सकाळी बाजार उघडताना शेअर कालच्या बंद भावाला सोडून उडी मारून वर किंवा खाली उघडला, की त्या फटीवर म्हणजे गॅपवर तो डोळा ठेवून बसे. वर्षानुवर्षं हाच धंदा, आणि त्यावरच घर चाललेलं.

त्याची रीत साधी होती. बाजार उघडण्याआधी तो फळ्यावर कालचा वरचा भाव, खालचा भाव आणि बंद भाव लिही. वरच्या-खालच्या भावामधल्या जागेला तो अंगण म्हणे. "अंगणात उघडला आणि गॅप लहान असला, तर बहुतेकदा पोरगं घरी परत येतं, म्हणजे गॅप भरतो. मग उलट्या बाजूनं उभं राहायचं, कालच्या बंद भावापर्यंत. अंगण ओलांडून लांब उघडला, तर काहीतरी घडलंय. त्याला अडवायला जायचं नाही. पहिली पंधरा मिनिटं गप्प बसायचं, मग तो ज्या बाजूला फुटेल तिकडे जायचं. आणि दोन्हीकडे चुकलो, तर कुठे बाहेर पडायचं ते आधी ठरवायचं."

हे सगळं चेल्याला तोंडपाठ. चेला म्हणजे शेजारच्या टेबलावरचा तरुण. धड एक ऑर्डर टाकता येत नव्हती तेव्हापासून गॅपशेठनं त्याला शिकवलं, स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं. आता तो रविवारी शेअरबाजाराचे वर्ग घेतो, एवढं गॅपशेठला ठाऊक होतं. पोरगं पुढं गेलं म्हणून तो खूशच होता.

त्या सकाळी एका सिमेंट कंपनीचे निकाल वाईट आले होते. काल शेअर ४०५ ते ४१६ मध्ये फिरून ४१२ ला बंद झाला होता. आज उघडला ३८८ ला.

"अंगण अकराचं, गॅप चोवीसचा," चेला म्हणाला. "लांबच गेलाय की हो."

"म्हणून गप्प बस."

पंधरा मिनिटांत भाव ३८४ ते ३९१ मध्ये घुटमळला. भाव ३८४ च्या खाली गेल्यावर दोघांनी हातात नसलेले शेअर आधी विकले, आणि दुपारी ३७१ ला स्वस्तात परत घेऊन मधला फरक कमावून मोकळे झाले. चेल्यानं चहा मागवला. तेवढ्यात गॅपशेठचा फोन वाजला. मोठी बहीण होती.

"अरे, हा सिमेंटवाला भरेल ना?"

"तुझ्याकडे कुठून आला सिमेंटवाला, ताई?"

"सकाळी उघडल्या उघडल्या घेतला. खाली आला तसा आणखी घेतला. तुझ्या चेल्याच्या वर्गात सांगतात ना, प्रत्येक गॅप भरतो म्हणून? वर्गाच्या जाहिरातीवर तुझाच फोटो आहे. 'गॅपशेठची पद्धत' लिहिलंय."

ताई दुसऱ्याच्या दुकानात बसून लोकांचे कपडे शिवायची. स्वतःच्या दुकानाच्या अनामतीसाठी तिनं पै-पै साठवली होती.

"सगळं विकून टाक. आत्ता," तो म्हणाला. "मी येतोच."

फोन ठेवून तो चेल्याकडे वळला. "अंगणाचं का नाही सांगितलंस त्यांना?"

"पहिल्या वर्गाला सांगितलं होतं. गणित निघालं की लोक जांभया देतात. 'गॅप भरतोच' म्हटलं की लगेच नाव नोंदवतात. मग गाळलं ते."

"ताईला तू ओळखतोस. तिच्या हातचं जेवलायस."

"म्हणून तर पहिल्या रांगेत बसवायचो," चेला स्क्रीनकडे बघत म्हणाला. "शेठची सख्खी बहीण शिकतेय म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसायचा."

म्हणजे याला माहीत होतं. सकाळी अकरा आणि चोवीस तोंडानं मोजताना, चहा मागवताना, वर्गातली माणसं नेमकी कुठल्या बाजूला उभी आहेत हे याला पुरतं माहीत होतं. ज्या घसरणीवर गॅपशेठनं आज कमावलं, त्याच घसरणीत त्याची बहीण बुडत होती. पाठीवर हात फिरवून वाढवलेल्यानंच मान कापली होती, तीही त्याचाच फोटो लावून.

तो उठला. ताईच्या घरी पोचला तेव्हा ती शिवणयंत्रापाशी बसली होती. यंत्र बंद होतं. दुकानासाठी शिवून ठेवलेला पडदा मांडीवर घडी करून घेतला होता.

"विकलं सगळं," ती म्हणाली. "दुकान काही आता होत नाही."

"एकदा मला विचारायचंस गं, ताई."

ती त्याच्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"विचारणारच होते," ती म्हणाली. "मग वाटलं, शिकवलंय ते तुझंच. तुझ्यावर काय संशय घ्यायचा?"