माझ्या कामाची चिठ्ठी

अकोल्याच्या ज्या जिनिंग कारखान्यात मी जिनचा, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रांचा मिस्त्री होतो, तिथं कोणाचा पगार किती हे कोणालाच माहीत नसे. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की शेटजी एकेकाला बाजूला घेऊन कानात वाढ सांगत. कोणाला दोन रुपये, कोणाला आठ आणे, कोणाला काहीच नाही. बाहेर बोलायचं नाही, हा रिवाज.

लढाईच्या दिवसांत महागाई वाढली. शेजारच्या कारखान्यानं आमची दोन माणसं फोडली. त्यात वजनकाट्यावरच्या दोघांना एकमेकांचे पगार कळले आणि कापसाच्या गंजीपाशीच त्यांची जुंपली. शेटजी घाबरले. त्यांनी मूर्तिजापूरचा एक रिटायर झालेला रेल्वेबाबू आणला आणि म्हणाले, "आमच्याकडंही सरकारीसारख्या ग्रेड बांधा."

बाबू रोज एकेकाला बोलावून विचारी, तुम्ही काय करता? माझी पाळी आली तेव्हा यंत्रांना तेल घालणारा, माझ्या हाताखालचा तेलवाला माझ्यामागंच उभा होता. हातानं काम करतो असं सांगून त्याच्यादेखत मी कसा लहान होऊ? म्हटलं, "मी काहीच करत नाही. खुर्चीवर बसून यंत्रांचा आवाज ऐकतो. बाकी सारं हा करते." तेलवाला खाली पाहून हसला. बाबूनं जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग बाबूनं गादीवर चिठ्ठ्या मांडल्या. चिठ्ठीवर माणसाचं नाव नाही, फक्त काम. दोन चिठ्ठ्या समोरासमोर ठेवून तो विचार करी, कोणतं काम शिकायला जास्त दिवस लागतात, कोणतं चुकलं तर जास्त नुकसान. अशा पाच ओळी झाल्या. खालची पहिली, वरची पाचवी. प्रत्येक ओळीला सुरुवातीचा पगार, दरसालची वाढ आणि शेवटचा पगार.

आठवड्यानं त्यानं यादी वाचली. "तिसरी श्रेणी. अठरा, एक, अठ्ठावीस. तेलवाला, जिन मिस्त्री."

मला बत्तीस मिळत होते.

"बाबूजी, माझे चार रुपये कापसान काय?"

"कापणार नाही. पण तुम्ही या श्रेणीच्या कमाल पगाराच्या वर आहात. बत्तीसवरच थांबाल. वाढ नाही."

"कधीपर्यंत?"

"कमाल बत्तीसच्या वर सरकेपर्यंत. ते शेटजींच्या हाती."

ज्वारीचा भाव रोज चढत होता. वाढ बंद म्हणजे दरसाल थोडं थोडं उपाशी राहणं. आणि तेलवाल्याच्या ओळीत बसणं! दोन दिवस मला घास गेला नाही. यादीवर शेटजींची सही झाली म्हणजे संपलं, एवढंच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. "बाबूजी, मी खोटं बोललो."

"काहून?"

"तेलवाला मागं उभा होता."

बाबू हसला नाही. त्यानं तेलवाल्याला बोलावलं. मी त्याला तीन वर्षं सगळ्यांसमोर बैल म्हणत आलो होतो. आता त्याच्या एका शब्दावर माझं सारं होतं.

"जिनमधल्या सुरी आणि रुळाच्या मधलं अंतर कोण लावतं रे?"

तेलवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, गेलं.

"मिस्त्रीकाका लावतात. मी कंदील धरतो."

"तुला जमंल?"

"नाई जी. जरा इकडं-तिकडं झालं का सरकी फुटते, तुकडे रुईत जातात. सारा माल व्यापारी परत पाठवते. काका तर चामड्याचा रूळ हातानं चाचपूनच सांगतात."

"शिकायला किती दिवस?"

"मले तीन वर्षं झाले, अजून हात लावू देत नाईत." मग हळूच म्हणाला, "आता तरी द्या म्हणा."

बाबूनं जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहून चौथ्या ओळीत ठेवली. सव्वीस, दोन, चाळीस. माझे बत्तीस त्यात नीट बसत होते.

मी भिंतीला टेकलो.

"आणि चाळीसनंतर?"

"चाळीसवरच. नाहीतर पाचवीत हेडमिस्त्रीची जागा रिकामी झाली तर. पण त्याला इंग्रजी कॅटलॉग वाचून सुटे भाग मागवता आले पाहिजेत."

दसऱ्याच्या कानातल्या वाढीला शेवट नव्हता, म्हणजे मला तसं वाटे. आता माझ्या कामाचा शेवट आकड्यात लिहिलेला दिसत होता, चार वर्षांवर. बाबू म्हणाला, इंग्रजी शिकवतो. मी म्हटलं, या वयात पाटी धरणार नाही.

नाहीच धरली. तेलवाल्याला मात्र दुसऱ्या दिवशी सुरीला हात लावू दिला.