पहिल्या सीटवरच्या मॅडम

पोलादपूरहून सकाळी निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची खिडकीची सीट शुभदा पोतनीस यांची होती. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण नवा कुणी चुकून तिथे बसला तर पांडू ड्रायव्हर आरशात बघूनच सांगायचा, "ओ भाऊ, ती मॅडमची हाय. मागं जा." पुढच्या दोन रांगा जुन्या माणसांच्या आणि मागचा सगळा भाग पोरांचा. पुढे झोप चालायची, मागे गप्पा.

शुभदाताईंचं वय त्रेपन्न. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधी रसायनांच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या बीएस्सी झाल्या झाल्या लागल्या. टायट्रेशन करत वर चढल्या, आणि आता दुसऱ्यांनी केलेली तपासणी तपासायची हे त्यांचं काम होतं. मुलंमुली यंत्रावर नमुने लावणार, आकडे काढणार आणि शुभदाताई ते आकडे ओळीने बघून सही करणार. यंत्राला त्यांनी हात लावून बराच काळ झाला होता.

त्याचं कारण त्यांच्या स्वभावात होतं. प्रयोगशाळेत ज्याला नमुना तपासायचा आहे त्याला दर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी द्यावी लागते. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना देतात, आणि त्याचं उत्तर ठरलेल्या फरकाच्या आत आलं पाहिजे. शुभदाताईंची पाळी आली की यंत्राचा वेळ त्या कुणा पोराला देऊन टाकायच्या. "मला काय करायचंय परीक्षा देऊन? त्याला बसू दे, त्याचं करिअर आहे." सगळ्यांना त्यांचं कौतुक वाटायचं. त्यांनाही वाटायचं. आपण शिकवलेल्या पोरींसमोर परीक्षेला बसणं नको, हे त्यातलं खरं कारण त्या स्वतःशीही बोलत नव्हत्या. चाचणीने मिळणारी, यंत्रावर काम करायची त्यांची मान्यता संपून गेली, कुणी हटकलं नाही.

गणपती झाल्यावर दीपक सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दीपक सर प्रयोगशाळेचे प्रमुख, अडतिशीचे, बोलायला गोड.

"बसा मॅडम. चहा सांगू?"

चहा विचारला तेव्हाच त्यांना शंका आली.

नव्या वर्षापासून सगळ्या नोंदी संगणकावर जाणार होत्या. बेरजा-गुणाकार संगणकच तपासणार. त्यामुळे नुसती तपासणी करणारी माणसं कमी होणार, आणि जी राहतील त्यांच्याकडे त्या त्या यंत्राची चालू मान्यता हवी, असं गुणवत्ता हमी विभागाचं म्हणणं होतं.

"माझी नाहीये," शुभदाताई म्हणाल्या.

"तेच ना. म्हणून मी तुमच्यासाठी विचार केला. रिटेन्शन रूम बघा तुम्ही. शांत काम आहे. या वयात कशाला यंत्रांची दगदग?"

रिटेन्शन रूम म्हणजे ग्राहकांकडे गेलेल्या मालाचे नमुने जपून ठेवायची खोली. तिथे याआधी बसवलेले दोघं वर्षाच्या आत 'स्वेच्छेने' घरी गेले होते. त्या खोलीला खिडकी नव्हती.

"मी चाचणी दिली तर?"

दीपक सर हसले. वाईट हसले नाहीत, म्हातारीने सायकल मागितल्यावर हसावं तसं हसले. "द्या की. पण कशाला स्वतःला त्रास?"

घरी त्यांनी हे हरिभाऊंना सांगितलं. हरिभाऊंचं पोलादपूरच्या बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. त्यांनी चष्मा वर केला. "घे ना खोली. पगार तोच आहे ना?"

"आज तोच आहे. अहो, तिथून पुढे रस्ता नाही. निवृत्तीच्या अठ्ठावन्नपर्यंत ते थांबणार नाहीत."

"मग दुसरीकडे बघ."

दुसरीकडे म्हणजे घाट उतरून लोटे. तिथल्या एका कारखान्याला त्यांनी अर्ज पाठवला होता. भाच्याने सल्ला दिला होता की पदवीचं वर्ष लिहू नको, शेवटचीच कामं लिही. फोन आला, बोलणं छान चाललं, आणि मग पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅम, ग्रॅज्युएशनचं साल मिसिंग आहे." त्यांनी सांगितलं. पलीकडे की-बोर्डचा आवाज थांबला. "ॲक्च्युअली मॅम, आमची टीम खूप यंग आहे. तुम्हाला कंफर्टेबल वाटेल का?"

"मी वीस वर्षं यंग टीमच तयार करतेय," त्या म्हणाल्या. त्यावर ती मुलगी कळवते म्हणाली. कळवलं नाही.

पुण्याला जायचं तर दुकान उचलून नेता येत नव्हतं. थोडक्यात, बस जिथून जिथे जात होती तेवढंच त्यांचं जग होतं, आणि त्यात एकच दार उघडं होतं. त्यांनी चाचणीला नाव दिलं.

परीक्षक म्हणून सेजल होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली, सव्वीस वर्षांची, याच बसने येणारी. पिपेट धरायला तिला शुभदाताईंनीच शिकवलं होतं. चाचणीच्या दिवशी ती त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हती.

वजनाच्या काट्यावर शुभदाताईंनी भुकटी मोजली. काट्याच्या प्रिंटरने पट्टी छापली. पण त्यांचा हात आपोआप ॲप्रनच्या खिशात गेला, तिथून चिठ्ठी निघाली आणि आकडा चिठ्ठीवर उतरला. आधी चिठ्ठीवर, मग सावकाश वहीत, सुवाच्य अक्षरात, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांच्या वह्या एकेकाळी नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत. आता सुट्या कागदावर आकडा लिहिणं म्हणजे गुन्हाच. आकडा मागाहून बदलला नाही कशावरून, हा पहिला प्रश्न येतो.

"मॅडम, थांबा," सेजल म्हणाली.

"काय झालं?"

"चिठ्ठी."

शुभदाताईंनी हाताकडे बघितलं. "अगं, पट्टी तर छापलीये. आकडा तोच आहे."

"तोच हाय. तरी नाय चालत." घाबरली की सेजलची भाषा वाडीवर जायची. "मला लिहावं लागेल."

"तुला कोणी शिकवलं गं हे सगळं?"

"तुम्हीच. सुटा कागद दिसला तर हात तोडीन, म्हणायचात."

त्यांनी ॲप्रन काढला आणि बाहेर गेल्या. चाचणी नापास.

संध्याकाळी बसमध्ये पांडूने आरशात बघून विचारलं, "मॅडम, तब्येत बरी नाय काय?" म्हणजे बसला कळलं होतं. मागे पोरं एकदम गप्प बसली होती. त्या गप्पपणात दया होती आणि ती त्यांना लोट्याच्या फोनपेक्षा जास्त लागली.

रात्री जेवताना त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घोळत होती. साहिल. सत्तावीस वर्षांचा, प्रयोगशाळेतला सगळ्यांचा लाडका. मागच्या वर्षी तो याच यंत्रावर दोनदा नापास झाला होता. त्याचं प्रशिक्षण त्याच आठवड्यात झालं, तिसऱ्या वेळी पास झाला आणि प्रयोगशाळेने वडे मागवले.

दुसऱ्या दिवशी दीपक सरांनी चहा विचारला नाही.

"मॅडम, मी काही म्हणत नाही. पण सवयी असतात. या वयात जात नाहीत."

"साहिल दोनदा नापास झाला होता."

"साहिलचं वेगळं. तो शिकतोय."

"मीही शिकायला तयार आहे. नापास झालं की कारण लिहायचं, प्रशिक्षण द्यायचं, पुन्हा चाचणी घ्यायची, असं आपल्याच नियमात आहे ना? त्यात वय कुठे लिहिलंय?"

"तसं नाही हो मॅडम. तुम्ही पर्सनली घेताय."

"नाही घेत. म्हणून मेल करते. गुणवत्ता हमीलाही प्रत जाईल, कारण प्रशिक्षणाची नोंद त्यांना लागतेच."

दीपक सरांनी खुर्ची थोडी मागे घेतली. पोतनीस मॅडम मेल करतील हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. मॅडमची ओळख अशी होती की त्या आपली पाळी दुसऱ्याला देतात.

मेलमध्ये रडगाणं नव्हतं. काय चुकलं ते त्यांनी स्वतःच लिहिलं, साहिलचं नाव न घेता 'यापूर्वी अवलंबलेली पद्धत' मागितली आणि तारीख मागितली. तारीख मिळाली.

प्रशिक्षण सेजलनेच दिलं. पहिल्या दिवशी दोघी अवघडल्या होत्या.

"त्या दिवशी मी नाय बघितलं म्हटलं असतं, तर ऑडिटमध्ये आपण दोघी गेलो असतो," सेजल म्हणाली.

"माहितीये."

"तुम्ही रागावलात."

"रागावले. अजून थोडी आहे. चल, पट्टी कशी चिकटवायची ते दाखव."

दुसऱ्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी शुभदाताई सुई-दोरा घेऊन बसल्या. हरिभाऊ दुकान बंद करून आले.

"फाटला काय ॲप्रन?"

"नाही. खिसा शिवतेय."

"खिसा शिवून टाकतेस? मग पेन कुठे ठेवशील?"

"वहीजवळ. तिथेच लागतं."

चाचणीत त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला आणि दोनदा शिवणीवर आपटून परत आला. एकामागून एक सहा वेळा यंत्रात सोडलेल्या द्रावणाचे आकडे हद्दीत आले. नमुन्याचं उत्तरही ठरलेल्या फरकात बसलं, फार छान नाही, बसलं इतकंच. सेजलने सही केली.

"अभिनंदन मॅडम," दीपक सर म्हणाले. "तपासणीच्या यादीत तुमचं नाव ठेवतो. फक्त एक आहे. रिटेन्शन रूमला सध्या कोणी नाही, दुपारनंतर तेवढं बघाल ना?"

म्हणजे अर्धा दिवस तपासणी, अर्धा दिवस बिनखिडकीची खोली. वड्यांचं कुणी नाव काढलं नाही. शुभदाताईंनी मनात मांडणी केली. ही मान्यता दोन वर्षांची. तोवर त्यांना बाजूला काढायला कागदावर कारण लागेल. त्या दोन वर्षांत दुसऱ्या यंत्राची मान्यता घ्यायची, अंतर्गत ऑडिटचं प्रशिक्षण मागायचं, तेही मेलनेच. पुढे अठ्ठावन्न होतंच, आणि लोट्याची ती मुलगीही तिथेच होती. सुटका नव्हती. दोन वर्षांची मुदत मिळाली होती, एवढंच.

संध्याकाळी त्या बसमध्ये चढल्या. पांडूने सवयीने पहिल्या सीटवरची आपली पाण्याची बाटली उचलली. त्या पुढे न बसता तशाच मागे गेल्या.

"मॅडम, सीट इथं हाय!"

"ठाऊक आहे रे. बसव दुसऱ्या कुणाला."

मागच्या रांगेत सेजल आणि दोन मुली कुठल्याशा नव्या कारखान्याबद्दल बोलत होत्या. कुठे जागा निघाल्या, कोण सोडून गेलं, कोणत्या यंत्राची माणसं हवीत. शुभदाताई आल्यावर त्या गप्प झाल्या.

"मागे इतकी वर्षं हे चालतं होय?" शुभदाताई म्हणाल्या. "सरक जरा. आणि बोला पुढे. कोणाला पाहिजेत माणसं?"

"मॅडम, त्यांना तिशीच्या आतली पाहिजेत," एक मुलगी चाचरत म्हणाली.

"असू दे. कोणत्या यंत्राची, ते सांग."

सेजलने खिडकीकडे सरकून जागा केली. मागच्या सीटला धक्के जास्त बसत होते.